ज्या दारी मी उभी नाही

शनिवारची सकाळ उजाडली तीच भांडण पदरात घेऊन. भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. या घरातली भांडणं भांड्यांतून व्हायची. वहिनी चाळणी जरा जोरात आपटायची, नणंद कपाटाचं दार जरा जोरात लावायची, आणि दोघींच्या मधला ओटा मुकाट्याने सगळं सोसायचा.

ओटा एक, भट्टी एक, आणि करणारे हात दोन. एवढ्याच भांडवलावर वहिनीने घरात केकचा धंदा उभा केला होता. नवरा जहाजावर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि जायचा तो घर रिकामं करून. त्या रिकामपणावर उतारा म्हणून तिने पहिला केक भाजला. समोरच्यांनी खाल्ला, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि वासामागून माणसं येत गेली. कुणी नंबर मागितला की ती द्यायची. ऑर्डर व्हॉट्सॲपवर. किती माणसं, कधी हवा, कोणाला काय चालत नाही, हे तिचे तीन प्रश्न ठरलेले. तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय ती पिठाच्या डब्याला हात लावत नसे.

मग नणंदेची नोकरी गेली आणि ती वरच्या खोलीत राहायला आली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने थट्टेने तिला "वन्सं" म्हटलं होतं, ते तसंच चिकटलं. वन्सं हुशार, हाताला स्वस्थता नसलेली. गेलेल्या नोकरीचं दुःख तिने वहिनीच्या धंद्यात ओतलं. आधी इन्स्टाग्राम, मग फेसबुकचं पान, मग घरपोच खाणं पोचवणाऱ्या एका ॲपवर नाव, गूगलच्या नकाशावर टाचणी, आणि वर यूट्यूब.

"वहिनी, गिऱ्हाईक कुठून येईल सांगता येतं का? सगळीकडे असायलाच हवं."

आणि गिऱ्हाईक आलंही. मागच्या पंधरवड्यात वन्संने बदामाच्या केकची रील केली. वरून साखरेची भुकटी हिमासारखी पडतेय, सुरी आत जातेय, मागे नुसती बासरी. ती रील अशी धावली की वन्संचे डोळे फोनवरून हलेनात. अनोळखी माणसं त्यावर लाल बदाम टाकत होती. वन्सं हसून म्हणाली, "केकात बदाम, खाली बदाम!"

पण सोमवारपासून वन्सं नव्या कामावर रुजू होणार होती. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. म्हणजे एवढी सगळी दारं पुन्हा एकट्या वहिनीच्या गळ्यात. उद्या रविवारी ठरवायचं होतं: कुठलं एक, फार तर दोन ठेवायची आणि बाकीची सोडायची. भांडण होतं ते त्यावरच.

"इन्स्टाग्राम आणि ते ॲप," वन्सं म्हणाली. "इन्स्टावर लोक बघतात, ॲपवर घेतात. व्हॉट्सॲपवर तुझी तीच तीच माणसं. अशाने धंदा वाढतो का?"

"तीच माणसं मला पुरतात."

"पुरतात म्हणे! कढीपत्ता विकायला बसलीयेस का?"

वहिनीने चाळणी आपटली. तिला म्हणायचं होतं की रीलवर जीव टाकणारे राहतात कुठल्या कुठे. केक काय टपालाने पाठवू? ॲपवाला आपला वाटा कापून घेतो, आणि ऑर्डरसाठी ठेवलेल्या त्या टॅबलेटवर टिंग झालं की हातातलं काम टाकून धावावं लागतं. नाही धावलं तर ऑर्डर जाते आणि नावही खाली जातं. पण वन्संने हे सगळं ज्या दिवसांत उभं केलं होतं ते दिवस वहिनीला ठाऊक होते. वरच्या खोलीतला दिवा, न जेवलेलं ताट. त्या पोरीने पाण्यात पडल्यावर हाताशी आलेली दोरी धरावी तसं हे धरलं होतं. ती दोरी आपल्या हाताने कशी कापायची?

म्हणून ती पावाचं पीठ मळायला वळली. मळताना तिच्या ओठांवर दोन ओळी जुळायच्या. आईची सवय. आज एकच जुळली:

घराला गं दारं किती, सांग मोजून मोजून...

पुढची सुचेना.

दुपारपर्यंत तीन केक गेले. तिन्ही बदामाच्या पुडीचे. रील धावल्यापासून दुसरं कुणी मागतच नव्हतं. एक दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. या बाई दर महिन्याला केक घ्यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "माझीच गिऱ्हाइकं वाढवतेय मी." त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. दुसरा ॲपवरचा, हेल्मेट न काढलेल्या एका पोऱ्याच्या पाठीवरच्या पेटीत. तिसरा न्यायला शिवणवर्गाच्या बाई स्वतः आल्या होत्या. त्यांची ऑर्डर फेसबुकवरून आली होती: "व्हिडिओतला तो केक हवा, शनिवारी." वन्संने उत्तर दिलं होतं, "नक्की!" आणि पुढे तीन फुलं.

"आमच्या वर्गाचा निरोप समारंभ आहे," दारात बाई म्हणाल्या. "वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. चार वाजता कापू."

खोक्याच्या झाकणावर आत काय काय आहे ते वहिनी नेहमी हाताने लिहायची. या तिसऱ्या खोक्यावर लिहायला तिने पेन उचललं, आणि टॅबलेट टिंग वाजला. ती आत धावली. परत आली तोवर बाई खोकं घेऊन जिना उतरल्या होत्या.

आता ओटा पुसून झाला होता. वन्सं स्टुलावर बसून फोन चाळत होती.

"बघ, आणखी कितीजणांनी—" ती थांबली. "हे काय? हे विनंत्यांमध्ये पडलंय."

"कसल्या विनंत्या?"

"अनोळखी माणसाने लिहिलं की ते समोरच्या खिडकीत येत नाही गं. बाजूला पडून राहतं. आपण उघडलं तरच दिसतं." बोलता बोलता वन्संचा आवाज उतरत गेला. तिने फोन वहिनीपुढे धरला.

"नमस्कार. शनिवारच्या आमच्या केकमध्ये बदाम, काजू, अक्रोड असं काही नाही ना? घरातल्या एका मुलीला अजिबात चालत नाही, तिचा घसा सुजतो. कृपया कळवा."

परवा आलेला. खाली नाव नाही. खात्याचं नाव 'वळणवाट', फोटो एका सायकलच्या चाकाचा.

वहिनीच्या हातातलं फडकं गळून पडलं. शनिवारचा आमचा केक. कुणाचा आमचा? तीन घरांत तीन केक, तिन्हींच्या पोटात बदाम. वरून पाहिलं तर भुरभुर साखर, नुसतं चांदणं.

"तू बघत नव्हतीस का?" वहिनी म्हणाली.

"मला वाटलं, मेसेज तू बघतेस! मी फोटो, तू मेसेज, असंच ठरलं होतं ना?"

"व्हॉट्सॲपचे मी. बाकीचे तू."

"असं कधी ठरलं?"

कधीच ठरलं नव्हतं. दोघींनी एकमेकींच्या भरवशावर दार उघडं टाकलं होतं, आणि माजघरात दोघी निर्धास्त बसल्या होत्या.

वन्संने घाईघाईने उत्तर लिहिलं: "केकमध्ये बदाम आहेत. मुलीला देऊ नका. लगेच फोन करा." नंबर लिहिला. पाठवला. पलीकडून काहीच हललं नाही. वाचल्याची खूणही उमटली नाही.

"या माणसाला फोन लाव."

"त्याचा नंबर कुठेय? सायकलचं चाक आहे नुसतं!"

वहिनीने आपला फोन उचलला. डॉक्टरीणबाईंचा नंबर तिथे होता, पत्ता होता, मागच्या सगळ्या गप्पा होत्या. दोनदा वाजला तोच बाईंनी उचलला.

"बोला, काय बिघडलं? दात दुखतोय?"

"बाई, तुमच्याकडे कुणाला बदाम चालत नाही असं आहे का?"

"नाही हो. मागेच सांगितलं होतं तुम्हाला, आमच्याकडे दगड दिला तरी खातील. का?"

"काही नाही. मग सांगते."

खरंच होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे लिहिलेलं होतं, तिनेच विचारलेलं. एक घर सुटलं. उरली दोन. आणि सुटलेल्या घराने छातीवरचा भार हलका व्हायच्या ऐवजी वाढला, कारण तो आता दोनच ठिकाणी वाटायचा होता.

वन्संने ॲपच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला होता. गाणं वाजत होतं. मग कुणी गोड आवाजात सांगितलं की ग्राहकाचा नंबर देता येत नाही, तुमची तक्रार नोंदवून घेतो.

"तक्रार नाहीये!" वन्सं किंचाळली. "अहो, एका मुलीचा घसा—! त्यांना नुसतं कळवा, केकमध्ये बदाम आहेत म्हणून."

"मॅडम, मी वर कळवतो."

"ॲपवर नाव काय दिलंय आपण?" वहिनीने विचारलं.

"बदाम केक."

"म्हणजे तिथे घेणाऱ्याला नाव तरी दिसलं. शिवणवर्गाच्या बाईंनी 'व्हिडिओतला केक' मागितला. तुझ्या व्हिडिओत बदाम कुठे आहे?"

व्हिडिओत साखर होती, सुरी होती, बासरी होती.

फेसबुकवर बाईंना निरोप गेला. तोही तसाच पडून राहिला. समारंभात फोन कोण बघतं? घड्याळाचा काटा चारच्या अंगाला कलला होता.

"चल," वहिनी म्हणाली. अंगावरचा एप्रन तिने काढलाच नाही.

वाचनालय म्हटलं तर जवळ, म्हटलं तर जन्माच्या अंतरावर. गल्ली उतरायची, दुकानांची रांग ओलांडायची, सिग्नल पार करायचा. वन्सं पुढे, वहिनी मागे, आणि वहिनीच्या मागे तिची भीती. मनात ती म्हणत होती, तिथेच असू दे. लगेच म्हणत होती, तिथे नसू दे. तिथे असेल तर निदान आपल्याला पोचता तरी येईल. तिथे नसेल तर ती मुलगी कुठल्या तरी दाराआड आहे, आणि त्या दाराचा पत्ता आपल्याकडे नाही. आपण केक कुणाच्या हातात दिला तेच आपल्याला माहीत नाही. आजवर असा एकही केक तिने भाजला नव्हता की जो खाणारं तोंड तिच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

सिग्नलपाशी गाड्या सुटल्या होत्या. वन्संने हात वर केला आणि तशीच रस्त्यात शिरली. "मरायचंय का!" कुणी ओरडलं.

"नंतर!" वन्संने ओरडून उत्तर दिलं. एरवी या उत्तरावर दोघी पोट धरून हसल्या असत्या.

वाचनालयाचा जिना दगडी, मधोमध झिजलेला. वरून टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या म्हणजे केक कापला. कठडा धरून वहिनीने उरलेल्या पायऱ्या कशाबशा चढून काढल्या.

हॉलमध्ये शिवणयंत्रं भिंतीला लावून ठेवली होती. मधे टेबल. केकचा निम्मा भाग गेलेला, कागदी ताटल्या हातोहात फिरत होत्या, आणि सगळीकडे बायका, पोरं, हसणं. वहिनीने पोटातून आवाज काढला:

"खाऊ नका! केकमध्ये बदाम आहेत! ज्या मुलीला चालत नाही ती कुठे आहे?"

हसणं मधेच तुटलं. कुणीतरी ताटली खाली ठेवली. शिवणवर्गाच्या बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळा हॉल त्यांच्या नजरेमागून वळला.

खिडकीखालच्या बाकावर एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, गुडघ्यांवर ताटली. ताटलीत केक अख्खाच्या अख्खा, कोपराही मोडलेला नाही. ती सगळ्यांकडे शांतपणे बघत होती.

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "मी विचारलं, यात काय काय आहे. सगळे म्हणाले, साधाच आहे. पण कुणीच नीट सांगितलं नाही. म्हणून मी थांबले."

तिच्या मामाने झेप घेतली आणि ताटली उचलून लांब ठेवली. तिची आई तिला हात धुवायला ओढून घेऊन गेली, परत आली, तोंड उघडायला लावून बघितलं, ओठ बघितले, मनगटं बघितली. बाकावरच्या पिशवीतून वेळ आली तर टोचायची इंजेक्शनची नळकांडी काढून तिने मांडीवर ठेवली आणि तिच्यावरचा हात पुढे कितीतरी वेळ हलवला नाही. मुलगी ठीक होती. ठीकच राहिली.

मग राग आला. यायलाच हवा होता. मामा म्हणजे शिवणवर्गाच्या बाईंचा नवरा. त्याच्या पँटच्या पायाला सायकलचा चिमटा अजून तसाच होता.

"परवा लिहिलं होतं मी तुम्हाला. परवा!"

"आज वाचलं," वहिनी म्हणाली. "थोड्या वेळापूर्वी. चूक आमची आहे."

"हिने फेसबुकवर ऑर्डर दिली, मी फेसबुकवर नाही," तो म्हणाला. "शोधलं तर तुमचं दुकान मला इन्स्टाग्रामवर सापडलं. तिथे लिहिलं. उत्तर आलं नाही, पण मी म्हटलं, नसेल बदाम, असता तर कळवलं असतं." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तिथे तुमची पाटी होती हो. पाटी आहे म्हणजे आत माणूस असणार, असंच वाटतं ना?"

वन्संने तोंड लपवायला जागा शोधावी तशी भिंतीकडे मान वळवली. तिने पाटी लावली होती. तिने फुलं पाठवली होती.

"व्हिडिओत तर साखरच दिसत होती," शिवणवर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या. "मीही विचारायला हवं होतं."

"नाही बाई," वहिनी म्हणाली. "विचारायचं काम माझं. ते मी व्हॉट्सॲपवर नेहमी करते. तुमच्या वेळी मी तिथे नव्हतेच."

तिने उरलेला केक खोक्यात भरला. खिशातलं पेन काढलं आणि दुपारी राहून गेलेले शब्द झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले. आता त्याचा उपयोग नव्हता. तरी लिहिले.

निघताना मुलीने तिच्या एप्रनचं टोक धरलं.

"तुम्ही केक करता ना? मग पुढच्या वेळी मला विचारायचं असेल, यात काय आहे, तर मी कुठे विचारू?"

साधा प्रश्न. पण वहिनीला वाटलं, महिनाभर दोघी ज्यावरून चाळणी आपटत होत्या, तो हाच. कुठे असायचं, किती ठिकाणी दिसायचं, कोण जास्त बघतं, कोण जास्त घेतं, हे सगळं त्या दोघींच्या बाजूने होतं. पलीकडे हे एवढंसं माणूस उभं होतं, आणि त्याला एवढंच हवं होतं: कुठे विचारू?

वन्सं तिच्याकडे बघत होती. आता काही बोलली तर ते उद्याच्या रविवारचं उत्तर असणार, हे दोघींना कळलं.

"व्हॉट्सॲपवर," वहिनी म्हणाली. "आईच्या फोनवरून. तिथे मीच असते. बाकीची दारं उद्यापासून बंद."

परतताना दोघी सिग्नल हिरवा होईपर्यंत शहाण्यासारख्या थांबल्या. घरी येऊन वहिनीने चहा टाकला, आणि वन्सं टॅबलेटसमोर बसली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"दोघींमुळे. तू दारं उघडलीस, मी बघायला गेले नाही. न वाचलेल्या निरोपांचा लाल ठिपका मला दिसायचा. म्हणायचे, वन्सं बघेल."

"मला वाटायचं, मी काहीतरी करतेय. एवढे लोक बघतात..." वन्संने टॅबलेट बाजूला सारला. "नोकरी गेली तेव्हा मला कुणी फोनसुद्धा केला नव्हता, वहिनी. आणि इथे रोज माणसं बदाम टाकायची."

वहिनीने कप तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या पाठीवर पिठाळ एप्रनला पुसलेला हात ठेवला. ब्लाऊजवर पांढरा पंजा उमटला. "तू नसतीस तर मी या ओट्याच्या पलीकडे गेलेच नसते गं. म्हणून तर मला सकाळी बोलता येईना. तुझं केलेलं मोडायचं कसं?"

वन्संने नाक ओढलं आणि एकदम कामाचा सूर लावला. तिचा हा सूर वहिनीला आवडायचा. "बरं, नीट बघू. नवीन गिऱ्हाईक आलं की तू विचारतेस ना, आमचं कुठून कळलं?"

"विचारते. बहुतेकांनी कुणाकडे तरी खाल्लेलं असतं. नाहीतर नकाशात जवळचा केक शोधतात, फोटो बघतात, कुणी काय लिहिलंय ते वाचतात आणि फोन करतात."

"आणि रील बघून?"

वहिनी चहाची गाळणी धुवायला लागली.

"सांग की. मी काचेची नाहीये फुटायला."

"आले थोडे. पण विचारणारे जास्त. 'आमच्या गावी पाठवता का?'"

"आमच्या गावी!" वन्संला रडता रडता हसू फुटलं. "म्हणजे मी सगळ्या जगाला वास दिला आणि जेवायला कुणाला बोलावलं नाही."

"वास छान होता."

मग दोघींनी एक एक दार हाताळलं. ॲपवरचं नाव आधी गेलं. टॅबलेट बंद झाला तेव्हा घरात अशी शांतता पसरली की जणू इतके दिवस कुणी परकं माणूस राहायला होतं आणि आता सामान घेऊन गेलं. फेसबुकचं पान उतरवलं. यूट्यूब उतरवलं. नकाशावरची टाचणी ठेवली, कारण तिला रोज खाऊ घालावं लागत नाही: चांगले चार फोटो, उघडायची-मिटायची वेळ, आणि कुणी दोन शब्द लिहिले तर आठवड्यातून एकदा उत्तर. तिथे वहिनीचा नंबर होता आणि खाली वन्संने स्पष्ट लिहिलं: ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर. म्हणजे नकाशा ही रस्त्यावरची पाटी, आणि व्हॉट्सॲप हे घराचं दार. व्हॉट्सॲपवर पहिला निरोप आपोआप जाईल असा लावला, तोही वहिनीच्या शब्दांत: "किती माणसं? कधी हवा? कोणाला काय चालत नाही? तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय केक होत नाही."

राहिलं इन्स्टाग्राम. वन्संचं बोट त्यावर घुटमळलं. रील अजून धावतच होती. साखर पडत होती, बासरी वाजत होती.

"हे तुझ्या नावाने ठेव हवं तर," वहिनी म्हणाली. "पाटी माझी नको. दुसरं काहीतरी कर तुझं."

वन्संने रील थांबवली. "नको. याच खिडकीत त्या माणसाचा निरोप दोन दिवस पडून होता. मला दर वेळी तोच दिसेल." तिने 'वळणवाट'ला शेवटचं लिहिलं: "आम्ही इथे आता नसू. माफ करा." आणि मग बंद करण्याची खूण दाबली. दाबताना डोळे मिटून घेतले, इंजेक्शन घेताना पोरं मिटतात तसे.

रविवार गेला तो रिता. सोमवारी वन्सं कामावर गेली. घर एवढं शांत की भट्टी तापल्यावर पत्रा कडकन वाजला तरी वहिनी दचकायची. मंगळवारी एकही ऑर्डर नाही. ती फोन उलटा ठेवायची, सुलटा करायची. चुकलं तर नाही? सहा दारं होती, निदान वारा तरी यायचा. संध्याकाळी वन्सं आली, चपला काढता काढता डोळ्यांनीच विचारलं. वहिनीने मान हलवली. वन्सं "सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. ते न म्हणणं वहिनीने मनात जपून ठेवलं.

बुधवारी ती पाव मळत होती. कोपरापर्यंत पीठ. फोन वाजला, आणि कुठला आवाज, कुठलं यंत्र, कुठे धावू, असं काही झालं नाही. फोन एकच, जागा एकच. तिने करंगळीने उघडला.

अनोळखी नंबर. "मी वेण्यावाली. आईच्या फोनवरून. बारा माणसं. रविवारी. मला बदाम, काजू, अक्रोड, काहीच चालत नाही. तुम्ही माझ्यासाठी केक करता का?"

आठवड्यातली पहिली ऑर्डर. वहिनीने ओट्याकडे बघितलं. शेगडीच्या फटीत, चाळणीच्या जाळीत, तिच्या नखांत बदामाची पूड होती. कितीही पुसलं तरी थोडी असणारच.

तिने हात धुतले, पुसले, आणि लिहिलं: "बदाम न घालता केक करता येतो. पण माझ्या ओट्यावर, याच भांड्यांत बदामाचं काम होतं. म्हणून तुझ्यासाठी मी करू शकत नाही. कुठे बिनबदामाचंच काम होतं ते शोधून आईला कळवते."

निरोप गेला. दोन खुणा निळ्या झाल्या. पलीकडे कुणीतरी लिहीत होतं, थांबत होतं, पुन्हा लिहीत होतं. वहिनी तिथेच उभी राहिली.

"ठीक आहे," उत्तर आलं. "नीट सांगितलंत." खाली एक छोटासा केक, एकाच मेणबत्तीचा.

पीठ वाट बघत होतं. ती पुन्हा मळायला लागली, आणि मळता मळता, शनिवारपासून अडकलेली ओळ आपल्या पायांनी चालत आली:

घराला गं दारं किती, सांग मोजून मोजून,
ज्या दारी मी उभी नाही, ते गं टाक लिंपून.